आठपट लहान मोदक

थंबनेल तयार करताना ते संगणकाचा अख्खा पडदा व्यापून बसलेलं असतं. अक्षरं भरघोस, मोदकावरची प्रत्येक कळी मोजता येईल इतकी स्पष्ट. प्रेक्षकाला मात्र तेच चित्र अनेकदा दिसतं ते फोनवर, एखाद्या यादीत, पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं, आणि तेही अंगठा सरकत असताना. स्वयंपाकाच्या चॅनेलांची बरीचशी थंबनेलं या दोन आकारांच्या मधल्या दरीत पडतात. मोठ्या पडद्यावर जे सुंदर होतं, ते छोट्यावर पिवळ्या-लाल डागांसारखं दिसतं आणि डाग कुणी वाचत नाही.

म्हणून कामाला बसताना आधी आकाराचा हिशेब. यूट्यूब थंबनेलसाठी बरीच वर्षं १२८० पिक्सेल रुंद आणि ७२० उंच चित्र सुचवत आलं आहे. संगणकावर चालू व्हिडिओच्या शेजारच्या यादीत हेच चित्र बरीच वर्षं साधारण १६८ पिक्सेल रुंदीत दिसत आलं आहे. फोनच्या पडद्यावर पिक्सेल दाट असतात, त्यामुळे चित्र थोडं रेखीव दिसतं, पण डोळ्यासमोरचा आकार तेवढाच चिमुकला. मी हिशेबापुरती १६० ही रुंदी धरते, कारण १२८० ला १६० ने भागलं की नेमके आठ येतात. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला की पुरतं. मोठ्या चित्रात ८ पिक्सेल जाड असलेली रेघ छोट्यात एक पिक्सेल होते, आणि ४ पिक्सेलची रेघ शेजारच्या रंगात विरघळून जाते.

आता उदाहरण घेऊ. गणपतीच्या आधी चॅनेलवर उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ टाकायचा आहे. विषय असा की वाफवताना मोदक फुटू नयेत म्हणून उकड कशी काढावी, पारी कडेला किती पातळ करावी, सारण कितपत कोरडं असावं. व्हिडिओचं शीर्षक लांबलचक झालं तरी चालेल, कारण ते थंबनेलखाली यूट्यूबच आपल्या अक्षरांत छापतं: ‘वाफवताना न फुटणारे कळीदार उकडीचे मोदक, उकड काढण्याची योग्य पद्धत’. पुष्कळ चॅनेलवाले हेच सगळं चित्रावर पुन्हा लिहितात. त्यावर ‘गणेशोत्सव स्पेशल’ असा फिरता पट्टा, कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, आणि उरलेल्या जागेत ‘सर्व टिप्ससह’. एकाच वाक्यासाठी दोनदा जागा अडते, आणि चित्रावरचं वाक्य कुणाला वाचताही येत नाही.

किती अक्षरं मावतील, हे देवनागरीच्या बांध्यावरून ठरतं. शिरोरेघेपासून पायापर्यंतच्या भागाला अक्षराचं धड म्हणू. धडाच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार; खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. वरचा आणि खालचा पसारा धडाच्या साधारण दोन-पंचमांश उंचीचा असतो, फाँटप्रमाणे थोडा कमी-जास्त. इंग्रजी मोठ्या लिपीतल्या अक्षरांना असं वरखाली काही नसतं. त्यामुळे दोन्ही लिप्यांना फाँटच्या आकाराचा एकच आकडा दिला, तरी मराठी अक्षराचं धड लहान निघतं. इंग्रजी चॅनेल पाहून ‘आकार १२०’ घेतला आणि मराठी शीर्षक बारीक दिसलं, तर कारण हे आहे. आकड्यावर जाऊ नये, पडद्यावर धडाची उंची मोजावी.

माझ्या अनुभवात १६० रुंदीच्या चित्रात धड निदान १५-१६ पिक्सेल उंच असेल तर अक्षर नजरेला सहज ओळखू येतं. दहाच्या खाली गेलं की शिरोरेघ, पोकळी आणि दांडा यांना वाटून मिळणारे पिक्सेलच पुरत नाहीत. म्हणजे मूळ चित्रात धड १२० ते १३० पिक्सेल तरी हवं. मी मोदकांसाठी १५० घेते. मग निम्म्या रुंदीत एका ओळीत चार-पाच अक्षरं बसतात, आणि ओळी फार तर दोन. एकूण आठ-नऊ अक्षरांत काय सांगायचं?

‘उकडीचे मोदक’ हा पहिला विचार. पण मोदक तर चित्रात दिसतोच आहे आणि नाव खाली छापलेलं आहे. ‘परफेक्ट कळीदार मोदक’ लांब, शिवाय ‘क्ट’ हे जोडाक्षर काही फाँटांत एकाखाली एक रचलेलं येतं आणि आठपट लहान झाल्यावर त्याचा गोळा होतो. बघणारीच्या मनात असलेली अडचण शब्दांत आणली तर दोन शब्द पुरतात: ‘मोदक फुटतात?’

हे दोन शब्द अर्थासाठी जितके चांगले, तितकेच बांध्यासाठीही. वरच्या ओळीत ‘मोदक’. त्यात एकच ओकार, तो वर जातो, आणि वर मोकळं आकाश असतं. ‘द’ची शेपूट किंचित खाली येते तेवढीच. खालच्या ओळीत ‘फुटतात?’. त्यात एकच उकार, तो खाली उतरतो, आणि खालीही मोकळी जागा. दोन ओळींच्या मध्ये काहीच लोंबकळत नाही, म्हणून ओळी जवळ आणून त्यांचा एक ठसा करता येतो. ओळींची अदलाबदल केली तर? एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण ‘फु’चा उकार आणि ‘मो’ची मात्रा मधल्या फटीत समोरासमोर येतात, दोन्ही डावीकडे, जवळजवळ एकाच जागी. मोठ्या पडद्यावर त्यांच्यात अंतर दिसतं. १६० वर ते अंतर दोन-तीन पिक्सेल उरतं आणि दोन मात्रांचं मिळून एक नवंच चिन्ह तयार होतं. थंबनेलवरचे शब्द निवडताना म्हणूनच वरच्या ओळीला उकार नसलेले आणि खालच्या ओळीला वेलांटी-मात्रा नसलेले शब्द मिळतात का, ते आधी पाहावं. नेहमी मिळत नाहीत. ‘तिळगूळ’, ‘पुरणपोळी’ ही अक्षरं वरखाली दोन्हीकडे हातपाय पसरतात. अशा वेळी एकच ओळ ठेवून ती मोठी करावी.

लहान आकारात सर्वांत आधी मरतो तो अनुस्वार. धड ६० पिक्सेलचं असेल तर त्यावरचा ठिपका दहा-बारा पिक्सेलचा, म्हणजे छोट्या चित्रात दीड. तो शिरोरेघेत मिसळतो आणि ‘आंबा बर्फी’ची ‘आबा बर्फी’ होते. रफारही गेला की ‘बफी’. पदार्थाच्या नावातच अनुस्वार असेल तर तो टाळता येत नाही. मग त्या शब्दाला चित्रातली सगळ्यात जास्त उंची द्यायची आणि ठिपका शिरोरेघेपासून दूर असणारा फाँट निवडायचा.

फाँट जाड हवा हे सगळ्यांना ठाऊक असतं, किती जाड हे ठरवताना घोटाळा होतो. जाडी वाढते ती अक्षराच्या आतल्या पोकळीला खाऊन. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट भरलं की दोघे सारखे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांचीही तीच गत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू २’ हे दोन फाँट गूगल फाँट्सवर फुकट मिळतात. दोघांचंही सर्वांत जाड वजन ८०० आहे आणि त्या वजनातही पोकळ्या उघड्या राहतात. ‘मुक्त’ सरळ, ‘बलू’ गुबगुबीत. स्वयंपाकाला ‘बलू’ शोभतो असं मला वाटतं, पण तो आवडीचा भाग झाला. याच संस्थेचा ‘मोदक’ नावाचा एक फाँट आहे. मोदकांच्या व्हिडिओला तोच वापरण्याचा मोह अगदी स्वाभाविक आहे. पण त्यातली अक्षरं इतकी फुगीर आहेत की पोकळीच्या जागी नुसत्या बारीक फटी उरतात. भिंतीवरच्या फलकावर तो झकास दिसेल. आठपट लहान झाल्यावर फटी मिटतात आणि प्रत्येक अक्षर खरोखरीच मोदकासारखं दिसू लागतं, म्हणजे सगळी एकसारखी.

इंग्रजीसाठी सांगितलेल्या दोन युक्त्या मराठीला घातक आहेत. एक, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांना थोडी हवा दिली की लहान आकारात ती स्पष्ट होतात. मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. दुसरी, भरपूर जाड काळी किनार. किनार अक्षराच्या बाहेरूनच काढली तरी ती पोकळीच्या आतही शिरते, आणि अनुस्वार व शिरोरेघ यांच्यामधली फट काळी करून टाकते. फोटोशॉपमध्ये किनारीची जागा `Outside` ऐवजी `Center` राहिली असेल तर ती निम्मी अक्षरावरच चढते, मग आणखी वाईट. काही ॲपांत किनार प्रत्येक अक्षराला वेगळी लागते आणि शिरोरेघेवर जोडाजोडाला काळे काप दिसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत तर मराठी टंकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसतात. तिथे सेटिंगमध्ये जाऊन मजकुराचं इंजिन `World-Ready Layout` करावं लागतं.

किनारीपेक्षा मागची जागा गडद करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मोदक केळीच्या पानावर ठेवायचे आहेतच. मग डावीकडचा अर्धा भाग नुसत्या पानाचा ठेवायचा आणि तो संपादनात काळोखा करायचा. इथे रंगांचाही हिशेब घालता येतो. डोळा लहान अक्षर वाचतो ते उजेड-अंधाराच्या फरकावर. लाल-हिरवा हा फरक त्या आकारात फार मदत करत नाही. डब्ल्यूसीएजी या वेबसाठीच्या नियमावलीत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढायची रीत दिली आहे: मोठ्या ठळक अक्षरांना ते निदान ३ हवं, साध्या मजकुराला ४.५. केळीच्या पानाचा हिरवा `#2E7D32` धरला आणि त्यावर भडक लाल अक्षर ठेवलं, तर गुणोत्तर जेमतेम १.३ येतं. डोळ्यात भरणारा म्हणून निवडलेला लाल रंग वाचताना जवळजवळ अदृश्य! त्याच पानावर पिवळा `#FFEB3B` ठेवला तर सुमारे ४. पान `#14361A` इतकं गडद केलं की तोच पिवळा ११ च्या आसपास जातो. पांढरं अक्षर यापेक्षाही उजळ ठरेल, पण पांढरा इथे मोदकाचा रंग आहे. शीर्षकही पांढरं केलं तर नजर कुठे थांबावी हे तिला कळत नाही.

लाल-हिरव्याचं दुसरं दुखणं फाइलमध्ये आहे. जेपीईजी चित्र दाबून लहान करताना उजळपणाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती बहुधा आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी निम्मी करतात. ज्या अक्षराचा फरक फक्त रंगाचा आहे, त्याच्या कडा त्यामुळे पाझरतात. तुम्ही कितीही स्वच्छ फाइल चढवली तरी यूट्यूब स्वतःच्या लहान प्रती पुन्हा जेपीईजीत काढतं, म्हणून हे पाझरणं आपल्या हातात नाही. तपासायला सोपं आहे: चित्र कृष्णधवल करून बघा. शीर्षक तसंच ठसठशीत राहिलं तर ठीक.

आता उजवीकडचा मोदक. एकच घ्यायचा. अकरा मोदकांचं ताट छोट्या आकारात पांढऱ्या ढिगासारखं दिसतं. शीर्षकात प्रश्न फुटण्याचा आहे, तेव्हा एक मोदक कडेला उकललेला, त्यातून गूळ-खोबऱ्याचं तपकिरी सारण डोकावतंय असा. हा तपकिरी रंग पांढऱ्यावर छोट्या चित्रातही टिकतो. कळ्या दिसायच्या तर उजेड समोरून नको. खिडकी बाजूला हवी, म्हणजे प्रत्येक कळीची सावली शेजारच्या खाचेत पडते. हा फोटो वेगळा काढावा. चालू व्हिडिओतून थांबवलेल्या चित्रात हात हलत असतो, वाफेने काच धूसर झालेली असते, आणि डावीकडे शीर्षकापुरती मोकळी जागा कुणी ठेवलेली नसते.

मोदक उजवीकडे खाली टेकवून ठेवला तर मात्र पंचाईत. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी काळ्या चौकटीत दाखवतं. ही चौकट चित्राबरोबर आठपट लहान होत नाही, कारण तिच्यातले आकडे वाचता यायला हवेत. त्यामुळे मोठ्या चित्रात नगण्य वाटणारा हा कोपरा छोट्यात जवळजवळ पाव रुंदी आणि पाव उंची अडवतो. चॅनेलचा लोगो तिथे ठेवणारे रोज तो झाकून घेतात. मोदकाचा तळ चित्राच्या तीन-चतुर्थांश उंचीवर संपवायचा, खालच्या कोपऱ्यात नुसतं पान राहू द्यायचं. अगदी खालच्या काठावर, ज्यांनी व्हिडिओ अर्धवट पाहिला आहे त्यांना लाल पट्टीही दिसते, म्हणून ‘फु’चा उकार काठाला चिकटवायचा नाही. पांढरी ताटली काठापर्यंत नेली तर उजळ पानावर तिची कड हरवते आणि चित्राला आकारच उरत नाही. केळीचं पान इथेही उपयोगी पडतं.

सगळं जमल्यावर चित्र १२.५ टक्के झूमवर बघायचं, तेच आपलं आठपट. अर्थात आपल्याला काय लिहिलंय ते ठाऊक असतं, त्यामुळे आपला डोळा खोटं बोलतो. चित्र फोनवर पाठवून घरातल्या कुणाला तरी यादीतल्या आकाराचं, क्षणभर दाखवावं आणि विचारावं, ‘काय वाचलंस?’ ‘वाचता येतंय का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर माणसं मायेपोटी हो असंच देतात. एका ओळखीच्या काकूंच्या चॅनेलसाठी केलेल्या थालीपिठाच्या चित्रावर त्यांच्या सुनेनं ‘थालीपीट’ वाचलं होतं. ‘ठ’चं पोट भरून गेलं होतं. फाँटचं वजन एक पायरी उतरवल्यावर ते उघडलं.

यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेलं लावून तुलना करायची सोयही आहे. तिथे जिंकणारं चित्र क्लिकांच्या संख्येवर ठरत नाही, बघण्याचा वेळ कुणी जास्त मिळवला यावर ठरतं. म्हणजे फुटलेला मोदक दाखवून व्हिडिओत फुटण्याचं कारण सांगितलंच नाही, तर क्लिक येऊनही ते चित्र हरू शकतं. छोट्या चॅनेलला पुरेशी बघ्यांची संख्या न मिळाल्यानं निकाल अनेकदा लागतच नाही. तरी तुलना करायचीच असेल तर तिन्ही चित्रांत एकच गोष्ट बदलावी, उदाहरणार्थ फुटलेला मोदक आणि अखंड मोदक. शब्द, रंग, फोटो सगळंच वेगळं असेल तर जिंकण्याचं कारण कळणार नाही.

आणि व्हिडिओ चढवून झाल्यावर यूट्यूबनं काढलेली लहान प्रत स्वतः उघडून पाहता येते. व्हिडिओच्या पत्त्यातला अकरा अक्षरांचा क्रमांक यात `VIDEO_ID` च्या जागी घालायचा:

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/mqdefault.jpg
```

ही प्रत ३२० पिक्सेल रुंद असते. शेवटच्या `mqdefault` ऐवजी `default` लिहिलं की १२० ची मिळते, वरखाली काळ्या पट्ट्यांसह, आपल्या १६० पेक्षाही लहान. तिथे ‘फु’चा उकार ‘फ’पासून सुटा दिसत असेल तर चित्र जसं आहे तसं राहू द्यावं. मिसळला असेल तर प्रश्नचिन्ह काढून टाकावं. दुसरी ओळ तेवढी आखूड होते, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत दोन्ही ओळी १५० वरून १७० पर्यंत वाढवता येतात.